बिल अचानक तिप्पट आलं, मीटर टेस्टिंगला टाकू का?

प्रश्न: नाशिकला सिडकोत राहतो. घरात आम्ही चौघं. दर महिन्याला 130 ते 140 युनिट यायचे, मागच्या महिन्यात 412 आले. ना एसी घेतला, ना पाहुणे आले. ऑफिसात विचारलं तर म्हणाले, शंका असेल तर मीटर टेस्टिंगचे पैसे भरा. फी किती असते, मीटर नेला की लाइट बंद राहते का, आणि मीटर बरोबर निघाला तर आमचे पैसे गेले का? बिलाची शेवटची तारीख आठ दिवसांवर आली आहे.

उत्तर:

मी लायसन्सधारक इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर आहे. बावीस वर्षं नाशिकमध्ये वायरिंगची आणि अशा बिलांच्या भानगडींची कामं करतोय. फी भरण्याआधी एक संध्याकाळ घरी घालवा, असं मी प्रत्येकाला सांगतो. टेस्टिंगमध्ये फक्त मीटर तपासला जातो, तुमचं घर नाही. आणि माझा अनुभव असा की बिल वाढलं म्हणून आलेल्या दहापैकी बहुतेक घरांत मीटर निर्दोष असतो.

आधी तुमच्या आकड्यांकडे बघू. 412 मधून नेहमीचे 135 वजा केले तर 277 युनिट जास्त झाले, म्हणजे दिवसाला साधारण सव्वानऊ. चोवीस तासांत विभागलं तर सतत 385 वॅटचं काहीतरी घरात चालू आहे असा त्याचा अर्थ. किंवा दोन किलोवॅटचा गीझर रोज साडेचार तास. किंवा एक हॉर्सपॉवरची पाण्याची मोटर रोज बारा तास. या तीनपैकी काही होत असेल का, हे तुम्हालाच आठवेल. टाकीचा फ्लोट स्विच अडकून मोटर रात्रभर फिरत राहिलेली मी सिडकोच्याच रो-हाउसमध्ये पाहिली आहे.

हेच उलट बाजूनं बघा. 135 युनिट वापरून मीटरनं 412 दाखवायचे तर तो दोनशे टक्क्यांनी वेगात पळायला हवा. आताचे इलेक्ट्रॉनिक मीटर सहसा तसे बिघडत नाहीत. ते मरतात, डिस्प्ले जातो, टर्मिनल जळतं, एखादा आकडा एकदम उडी मारतो. पण रोज सातत्यानं तिप्पट पळणारा मीटर बावीस वर्षांत माझ्या हाती जवळपास आलाच नाही. जुन्या चकतीच्या मीटरबद्दल लोकांच्या मनात 'पळतो' हा शब्द बसलाय, तो अजून गेलेला नाही.

बिलाचा कागद घ्या. मागचं रीडिंग, चालू रीडिंग आणि दोन्हींच्या तारखा बघा. मधले दिवस तीस आहेत की चाळीस? मागच्या एक-दोन महिन्यांत घर बंद होतं किंवा रीडिंग मिळालं नाही म्हणून सरासरीनं बिल आलं होतं का? तसं असेल तर 412 हे एका महिन्याचे नसून साचलेले युनिट असू शकतात. तेव्हा तक्रार मीटरची नसते, युनिट महिन्यांत विभागून द्या अशी असते. घरगुती दर 100, 300 आणि 500 युनिटच्या टप्प्यांनी चढतो, त्यामुळे विभागणी झाली की रक्कम बरीच खाली येते. शेवटी मीटरवरचा आकडा आणि बिलावरचा फोटो ताडून पाहा. आज मीटरवर दिसणारं रीडिंग बिलातल्या चालू रीडिंगपेक्षा कमी असेल, तर आकडा वाचतानाच चूक झाली. मग टेस्टिंगची गरज नाही, फोटो दाखवून बिल दुरुस्त होतं.

हे सगळं ठीक निघालं तर मीटरपाशी जा. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी एक संख्या छापलेली असते, उदाहरणार्थ 3200 imp/kWh. म्हणजे एका युनिटला 3200 वेळा लुकलुक. घरातले सगळे एमसीबी खाली करा, फक्त एक चालू ठेवा आणि त्यावर 1000 वॅटची इस्त्री किंवा पाण्याचा रॉड लावा. 3200 च्या मीटरवर एक किलोवॅटला 50 लुकलुक व्हायला सुमारे 56 सेकंद लागतात. मोबाइलचं स्टॉपवॉच लावून मोजा. इस्त्री गरम झाली की थर्मोस्टॅट तोडतो, म्हणून रॉड बरा, पण तो पाण्याच्या बादलीत बुडवूनच. 50 ते 62 सेकंदांच्या आसपास आलं तर मीटरमध्ये मोठा घोळ नाही. व्होल्टेज कमी-जास्त असतं, रॉडवर छापलेले वॅटही नेमके नसतात, त्यामुळे या मोजणीत दहा टक्के इकडे-तिकडे धरायचे. दोन-तीन टक्क्यांची चूक यात कधीच सापडणार नाही. पण तुमचा प्रश्न तिप्पटीचा आहे, आणि तिप्पट असेल तर 56 ऐवजी 19 सेकंद लागतील. ते लगेच कळतं.

आता यापेक्षा महत्त्वाची दुसरी तपासणी. मुख्य स्विच चालूच ठेवा आणि घरातले सगळे सिंगल पोल एमसीबी, म्हणजे खोल्यांचे, गीझरचे, फ्रिजचे, सगळे खाली करा. इन्व्हर्टरचा पुरवठाही बंद करा. आता मीटरचा दिवा स्थिर राहायला हवा. तो अजूनही लुकलुकत असेल तर वीज कुठेतरी जाते आहे, आणि ती तुमच्या पंख्या-फ्रिजमधून जात नाही हे नक्की. बऱ्याच मीटरवर 'ई एल' किंवा 'अर्थ' असा आणखी एक दिवा किंवा डिस्प्लेवर तसं चिन्ह असतं. ते पेटलं असेल तर टेस्टिंगचा अर्ज बाजूला ठेवून आधी मला किंवा कुठल्याही जाणत्या इलेक्ट्रिशियनला बोलवा.

हे का, ते इंदिरानगरच्या एका घराची गोष्ट सांगितली की लक्षात येईल. तिसऱ्या मजल्यावर निवृत्त जोडपं. 90 युनिटचं बिल 240 वर गेलं आणि तीन महिने तसंच राहिलं. काकांनी रीतसर फी भरली, मीटर काढून तपासला गेला, चूक निघाली 0.3 टक्के. म्हणजे मीटर उत्तम. नवा मीटर बसला, तरी पुढचं बिल 235 युनिटचं. मग त्यांच्या मुलानं मला फोन केला.

मी सगळे एमसीबी खाली केले. मीटर लुकलुकत होता आणि ई एल पेटलेला. तारेभोवती अडकवून करंट मोजायचा क्लॅम्प मीटर लावला तर फेजच्या तारेत करंट शून्य, न्यूट्रलमध्ये 1.4 अँपिअर. त्या घरात काहीच चालू नसताना न्यूट्रलमधून करंट यायचं एकच कारण, दुसऱ्या कुणाचा तरी परतीचा करंट याच तारेतून जातोय. शेजारच्या फ्लॅटमध्ये बिल वाढायच्या थोडं आधी किचनचं काम झालं होतं. त्या इलेक्ट्रिशियननं सामाईक डक्टमधून न्यूट्रलची काळी तार उचलून जोडली. ती तार काकांच्या घराची होती.

आपल्याकडचे सिंगल फेज मीटर चोरी पकडण्यासाठी फेज आणि न्यूट्रल दोन्हींतला करंट मोजतात आणि जो जास्त असेल त्यावर युनिट लावतात. कुणी अर्थिंगवरून वीज वापरली तर न्यूट्रल कमी आणि फेज जास्त दिसतो, मीटर फेज धरतो. काकांच्या घरी उलटं झालं, न्यूट्रल जास्त, मीटरनं न्यूट्रल धरला. शेजाऱ्याच्या मीटरनं स्वतःचा फेज धरला. म्हणजे तीच वीज दोन्ही मीटरवर लागली. दोघंही प्रामाणिक, दोन्ही मीटर बरोबर, आणि प्रयोगशाळेच्या बेंचवर हे कधीच दिसणार नाही, कारण तिथे फेज आणि न्यूट्रलमधून सारखाच करंट सोडतात. तार सुटी करून योग्य जागी जोडायला तास लागला. पुढचं बिल 96 युनिटचं आलं. आधीच्या महिन्यांचे जादा पैसे मात्र काकांना परत मिळाले नाहीत, कारण मीटरच्या पुढची वायरिंग ही ग्राहकाची जबाबदारी.

तुमच्या घरी हे दोन्ही तपास स्वच्छ निघाले आणि तरीही आकडा पटत नसेल, तर टेस्टिंग मागा. आणि ते तोंडी नको, लेखी.

अर्ज तुमच्या भागाच्या महावितरण कक्ष किंवा उपविभाग कार्यालयातल्या अभियंत्याच्या नावे करायचा. वर बारा अंकी ग्राहक क्रमांक, मीटर क्रमांक, वादातल्या बिलाचा महिना, मागच्या बारा महिन्यांचे युनिट आणि आजचं रीडिंग. शेवटी स्पष्ट वाक्य: 'मीटरच्या अचूकतेबद्दल शंका असल्याने मीटरची चाचणी करावी व चाचणी अहवालाची प्रत मिळावी.' दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्या. महावितरणच्या ॲपवर किंवा 1912 वर तक्रार केलीत तर तिचा क्रमांक मिळतो, तोही या अर्जात लिहा. शिक्क्याच्या तारखेवर इतका भर का देतो ते पुढे कळेल.

फी वीज नियामक आयोगानं मंजूर केलेल्या सेवा आकाराच्या तक्त्यातली असते. कार्यालयाला मनानं ठरवता येत नाही. सिंगल फेजला सर्वांत कमी, थ्री फेजला जास्त, आणि घरगुती मीटरसाठी ती काही शे रुपयांत बसते. आधी त्यावर 18 टक्के जीएसटी लागायचा, पण 10 ऑक्टोबर 2024 पासून मीटर टेस्टिंगवरचा जीएसटी माफ झालाय. जुना हिशेब करून कर लावलेला दिसला तर विचारा. पैसे कोटेशन किंवा डिमांड निघाल्यावरच भरा, पावती घ्या. टेस्टिंगचे पैसे कुणाच्या हातात रोख द्यायचे नसतात.

त्यानंतर दोनपैकी एक होतं. एकतर कर्मचारी ॲक्युचेक नावाचं हातातलं यंत्र घेऊन घरी येतो. ते तुमच्या मीटरबरोबर जोडून घरच्याच लोडवर दोन्हींची तुलना करतात. सोयीचं आहे, पण अशा वेळी घरात पुरेसा लोड चालू ठेवा, एका ट्यूबलाइटवर घेतलेल्या तपासणीला फारसा अर्थ नसतो. नाहीतर मीटर काढून टेस्टिंग विभागाच्या बेंचवर नेतात आणि त्या जागी दुसरा तपासलेला मीटर बसवतात. लाइट तेवढ्या वेळापुरतीच जाते. मोठ्या वादात मी बेंचच मागायला सांगतो, कारण तिथे कमी, मध्यम आणि जास्त अशा वेगवेगळ्या लोडवर चूक मोजली जाते.

मीटर काढताना घरी थांबा. काढल्या मीटरचं शेवटचं रीडिंग आणि नव्याचं सुरुवातीचं रीडिंग, दोन्हींचे फोटो काढा. सील शाबूत आहेत का ते दोघांनी मिळून बघा आणि मीटर बदलीच्या कागदावर तसं लिहून घ्या. मीटर पिशवीत घालून सील होत असेल तर सीलचा क्रमांकही टिपा. सील तुटलेलं निघालं की प्रकरण अचूकतेचं राहत नाही, छेडछाडीच्या संशयाचं होतं आणि वीज कायद्याच्या कलम 126 किंवा 135 पर्यंत जातं. म्हणून वर सांगितलेल्या घरगुती तपासात मीटरच्या झाकणाला आणि सीलला हात लावायचा नाही, कुठल्याही इलेक्ट्रिशियनला लावू द्यायचा नाही. चाचणीच्या दिवशी मी हजर राहू इच्छितो, असं अर्जातच लिहिलेलं चांगलं. केंद्राच्या 2020 च्या ग्राहक हक्क नियमांत तक्रार आल्यापासून 30 दिवसांत मीटर तपासायची मुदत आहे. त्याच नियमांत फेब्रुवारी 2024 मध्ये दुरुस्ती होऊन, रीडिंग वापराशी जुळत नाही अशी तक्रार असेल तर पाच दिवसांत जोड मीटर लावून किमान तीन महिने वापर ताडून पाहायची तरतूद आली. मला स्वतःला ही जोड मीटरची वाट आवडते. ती घरातल्या खऱ्या वापरावर चालते आणि कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागत नाही.

आठ दिवसांवर आलेल्या तारखेचं काय? टेस्टिंगचा अर्ज दिला म्हणून बिल आपोआप थांबत नाही. पण वीज कायद्याच्या कलम 56 मध्ये सोय आहे. वाद मिटेपर्यंत, मागितलेली पूर्ण रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम, यांतली कमी असेल ती 'निषेध नोंदवून' भरली तर पुरवठा तोडता येत नाही. समजा बिल 5,800 चं आहे आणि आधीच्या सहा महिन्यांची सरासरी 1,350 येते, तर 1,350 भरायचे. मात्र आधी तसं पत्र द्या आणि अंशतः रक्कम भरण्याची सोय करून घ्या. नुसते ऑनलाइन कमी पैसे भरून गप्प बसलात तर यंत्रणेच्या लेखी तुम्ही थकबाकीदार. एरवीही तोडण्यापूर्वी 15 दिवसांची लेखी नोटीस लागते.

अहवाल हातात आला की त्यात टक्केवारीची चूक बघा. घरगुती मीटर क्लास 1 चा असतो, म्हणजे नेहमीच्या लोडवर एक टक्का अधिक किंवा उणे चालतं. मर्यादेबाहेर जास्त दाखवत असेल तर टेस्टिंगची फी परत मिळते आणि बिल दुरुस्त होतं. पण किती मागे जाऊन? वाद उपस्थित झाला त्या महिन्याच्या आधीचे जास्तीत जास्त तीन महिने. इथे शिक्क्याची तारीख कामाला येते. जूनमध्ये लेखी दिलंत तर मार्च, एप्रिल, मे. 'बघू पुढच्या महिन्यात' म्हणत ऑगस्ट उजाडला तर मार्च आणि एप्रिल हातचे गेले.

हिशेबातही एक ठेच लागते. मीटर आठ टक्के जास्त दाखवतो आणि महिन्याला 216 युनिट नोंदले, तर खरा वापर 216 भागिले 1.08, म्हणजे 200. परतावा 16 युनिटचा. लोक 216 चे आठ टक्के काढून सव्वासतरा मागतात आणि मग खिडकीवर भांडण होतं. मीटर कमी दाखवणारा निघाला तर हेच गणित तुमच्या विरुद्ध चालतं आणि फरकाचं बिल येतं. चाचणी मागताना ही शक्यता धरूनच चाला.

मीटर मर्यादेत निघाला तर फी गेली आणि बिल भरायचं. एक अपवाद मात्र मी नेहमी तपासतो, तो म्हणजे रीडिंगची उडी. एखाद्या महिन्यात आकडा अचानक वर जातो आणि नंतर मीटर शहाण्यासारखा चालतो. असा मीटर बेंचवर पास होतो, कारण बेंच आजची चाल तपासतो, गेल्या महिन्याची नाही. त्यासाठी अर्जातच मीटरच्या आतल्या नोंदींचा डाउनलोड, ज्याला एमआरआय रिपोर्ट म्हणतात, तो मागा. त्यात महिन्याचं रीडिंग आणि कमाल मागणी दिसते. स्मार्ट मीटर असेल तर ठरावीक अंतरानं झालेल्या नोंदी असतात, तिथे उडी नेमक्या कुठल्या दिवशी झाली ते बोट ठेवून दाखवता येतं. साधं अंकगणितही उपयोगी पडतं. घरातला सगळा मिळून लोड दीड किलोवॅट असेल तर तो तीस दिवस रात्रंदिवस चालवला तरी 1,080 युनिटच होतात. बिलावर 3,900 असतील तर बेंचचा अहवाल काहीही म्हणो, आकड्याचा खुलासा मागायलाच हवा. तुमचे 412 या कसोटीत बसतात, म्हणजे अशक्य नाहीत, म्हणून मी तुम्हाला आधी वायरिंगकडे बघायला लावतोय.

अहवालच मान्य नसेल तर आयोगानं मान्य केलेल्या दुसऱ्या प्रयोगशाळेत चाचणी मागता येते. त्याचाही खर्च आधी तुम्हीच भरायचा. आणि दुरुस्ती नाकारली किंवा उत्तरच आलं नाही तर आधी महावितरणच्याच तक्रार निवारण कक्षाकडे, मग ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जायचं. नाशिक परिमंडळाचा मंच द्वारका भागात खरबंदा पार्कला बसतो. तिथे वकील लागत नाही. शिक्का मारलेला अर्ज, फीची पावती, मीटर बदलीचा कागद, फोटो आणि बारा महिन्यांची बिलं एवढं एका फाइलला लावून न्या.

तुमच्याबाबतीत मी असं करीन. आज संध्याकाळी दिव्याची मोजणी आणि एमसीबी खाली करून बघणं. दिवा थांबला नाही तर उद्याच इलेक्ट्रिशियन, शक्यतो क्लॅम्प मीटर असलेला. दिवा थांबला आणि मोजणीही बरोबर आली तर गीझर, मोटर आणि फ्रिज एकेक करून दोन-दोन दिवस तपासा. रोज रात्री दहाला रीडिंग लिहून ठेवा, दिवसाला साडेचार युनिट येतात की चौदा, ते चार दिवसांत दिसेल. अर्ज मात्र या तपासासाठी थांबवू नका. तो तारीख पक्की करण्यासाठी आहे, फी कोटेशन आल्यावर भरायचीच आहे. तोवर कारण घरात सापडलं तर ती भरू नका, अर्ज मागे घ्या.